शेताच्या कॅमेऱ्यात आलेलं डुक्कर रानाचं की गावचं: एका हंगामाच्या नोंदी

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलापासून फार लांब नाही. शेताच्या एका अंगाला नाला आणि झुडपी रान, दुसऱ्या अंगाला गाव. दोन्हीकडून डुकरं येतात. 2024 च्या खरिपात मी आणि माझा चुलतभाऊ मिळून तीन कॅमेरे लावले आणि आलेल्या फोटोंत रानडुक्कर कोणतं, पाळीव कोणतं आणि दोघांच्या मिश्रणातलं कोणतं हे वेगळं करायचा प्रयत्न केला. ज्यांना हेच करायचं असेल त्यांच्यासाठी त्या त्या दिवसाच्या नोंदी इथे ठेवतो आहे. चुका काढून टाकलेल्या नाहीत, कारण आमचा निम्मा वेळ त्यांतच गेला.

21 ऑगस्ट

कामाला सुरुवात भांडणातून झाली. नाल्याकडच्या आमच्या तुकड्यात सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या आणि एका रात्रीत सात-आठ तास, म्हणजे पिकाच्या ओळी, उलथून पडले. शेजाऱ्यांचं म्हणणं, हे गावातल्या पाळीव डुकरांचं काम. गावाच्या कडेला डुकरं पाळणारी दोन घरं आहेत, त्यांच्याकडे जाऊन लोक तावातावाने बोलून आले. पाळणारे काका म्हणाले, आमची जनावरं नाल्यापलीकडे जातच नाहीत.

खरं कोणाचं, यावर बरंच अवलंबून आहे. रानडुक्कर वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली येतं. त्याने पीक खाल्लं तर तक्रार, पंचनामा आणि नुकसानभरपाई असा रस्ता आहे. पाळीव डुकराने खाल्लं तर मामला मालकाशी. शेजाऱ्यांकडे मोबाइलवर काढलेला एक फोटो होता, रात्रीचा, बॅटरीच्या उजेडातला. काळं जनावर, तोंड पिकात. त्यावरून मला काहीच सांगता आलं नाही, आणि जे ठामपणे सांगत होते त्यांनाही येत नव्हतं.

25 ऑगस्ट

हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे ट्रॅप कॅमेरे दोन विकत घेतले, प्रत्येकी 8,500 रुपयांना. तिसरा ओळखीच्या निसर्गप्रेमी मित्राने हंगामभरासाठी दिला. एका कॅमेऱ्याला आठ सेल लागतात. साधे सेल घातले, ही पहिली चूक. ते नवव्या दिवशी बसले. नंतर चार्ज होणारे घेतले, त्यांचे चार्जरसकट 3,200 गेले. तीन मेमरी कार्डं आणि तीन बदलीची, असे आणखी 2,100.

पहिला कॅमेरा नाल्याच्या उतारावर, जिथे खुरांची वाट पडली आहे तिथे. दुसरा मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तिसरा गावाकडून येणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी. तिन्ही बाभळीच्या खोडाला छातीच्या उंचीवर बांधले, चोरी होऊ नये म्हणून.

1 सप्टेंबर

पहिल्या आठवड्याची कार्डं काढली. एकूण 1,900 च्या वर फोटो आणि त्यात डुकरं 41. बाकी वाऱ्याने हलणारं सोयाबीन. धुऱ्यावरचा कॅमेरा पूर्वेला तोंड करून लावला होता, त्यामुळे सकाळचे सगळे फोटो पांढरे पडले.

त्याहून वाईट म्हणजे, जी 41 आली त्यांतली बहुतेक निरुपयोगी. कॅमेरा चार-साडेचार फुटांवर असल्यामुळे जनावर वरून दिसतं. वरून पाहिलं की सगळी डुकरं सारखी: काळी पाठ, दोन कान. खांदा उंच आहे का, पोट लोंबतं आहे का, शेपटी कशी आहे, यातलं काहीही दिसत नाही. आठवडा वाया गेला, आणि त्या आठवड्यात दोनदा पीक उलथलं.

4 सप्टेंबर

पोळा झाल्यावर तिन्ही कॅमेरे नव्याने लावले. आता उंची जमिनीपासून साधारण 45 सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. वाटेला काटकोनात, म्हणजे जनावर समोरून न येता आडवं जाईल, आणि वाटेपासून तीन ते चार मीटर लांब. दोन मीटरवर ठेवून पाहिलं तर रात्रीचा इन्फ्रारेड उजेड अंगावर इतका पडतो की केसांचा पोतच नाहीसा होतो. समोरचं गवत विळ्याने कापलं. एका हालचालीला तीन फोटो लागोपाठ, असं सेटिंग केलं. या तीन फोटोंचा पुढे सगळ्यात जास्त उपयोग झाला.

एक बांबू घेतला, त्यावर दर 10 सेंटिमीटरला पांढरा रंग मारला. तो वाटेच्या मधोमध उभा करून प्रत्येक कॅमेऱ्यात एकेक फोटो काढला आणि बांबू उचलून आणला. जनावर त्याच जागेवरून गेलं की त्या फोटोशी ताडून उंचीचा अंदाज येतो. आधी बांबू तिथेच ठेवला होता तेव्हा दोन रात्री एकही डुक्कर त्या वाटेने आलं नाही.

आणखी एक बदल. तक्रार नुकसानीनंतर तीन दिवसांत द्यायची असते. आठवड्याने कार्ड काढलं तर मुदत निघून गेलेली असते. त्यामुळे आता दर दुसऱ्या दिवशी कार्ड बदलायचं ठरवलं. भाऊ सकाळी पाणी द्यायला जातोच.

12 सप्टेंबर

आता फोटो स्वच्छ येत आहेत, आणि चुका आमच्या डोळ्यांच्या आहेत.

चूक एक: आयाळ. आपल्याकडच्या रानडुकराला मानेपासून पाठीवर काळ्या राठ केसांची आयाळ असते, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून आयाळ दिसली की रानाचं, नाही दिसली की गावचं, असं आम्ही वाटत गेलो. 8 तारखेच्या रात्रीचे तीन लागोपाठ फोटो पाहिल्यावर थांबलो. पहिल्या फोटोत मादी शांत खाते आहे, पाठ गुळगुळीत. दुसऱ्यात तिने डोकं वर केलं. तिसऱ्यात मान ते कंबर ताठ उभ्या केसांची रांग. जनावर तेच, अंतर दोन सेकंदांचं. आयाळ घाबरल्यावर किंवा चिडल्यावर उभी राहते, एरवी पडलेली असते. मादीची नरापेक्षा आखूड असते आणि वर्षाच्या आतल्या पिल्लांना नावाला असते. म्हणजे आयाळ दिसली तर तिला वजन आहे, पण दिसली नाही यावरून काही ठरवता येत नाही. शिवाय पुढे कळलं की गावठी काळ्या डुकरांनाही मानेवर बऱ्यापैकी राठ केस असतात.

चूक दोन: पांढरे डाग. पांदणीजवळच्या कॅमेऱ्यात कुशीवर मोठा पांढरा ठिपका असलेलं एक जनावर आलं. रानडुकराला असा ठिपका नसतो, म्हणून आम्ही ‘मिश्र’ असं लिहून मोकळे झालो. दोन रात्रींनी तेच जनावर (उजवा कान फाटलेला, त्यावरून ओळखलं) पूर्ण एकरंगी. तो ठिपका वाळलेल्या चिखलाचा होता. नाल्यात लोळण घेऊन आलेलं जनावर सुकलं की इन्फ्रारेड उजेडात चिखल चुन्यासारखा चमकतो. ओलं असलं तर उलट, सगळं अंग काळं कुळकुळीत दिसतं. रात्रीच्या फोटोत रंगावर काहीही ठरवायचं नाही, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

15 सप्टेंबर

डुकरं पाळणाऱ्या काकांकडे गेलो. खरं तर इथेच पहिल्या दिवशी जायला हवं होतं. लोक भांडून गेल्यामुळे ते सुरुवातीला बोलायला तयार नव्हते. फोटो दाखवले, तुमच्यावर आळ घालायला आलो नाही, शिकायला आलो आहे, असं सांगितलं. मग खाट टाकली.

त्यांनी सगळे फोटो पाहिले तेव्हा एकदाही रंगाकडे किंवा आयाळीकडे बोट केलं नाही. पहिलं बोट शेपटीवर. “शेपटी पा ना भाऊ. घरचं डुक्कर असन तं पिरगाळते. रानाच्याची सरळ खाली, टोकाले झुपका.” दुसरं बोट खांद्यावरून कमरेकडे फिरवलं. “हे पा, पुढून भरलेलं, मागून सुटलेलं. आमचं उलटं हाय, त्याचं वजन मागं.”

मग त्यांनी आपली एक मादी समोर आणली आणि मी अर्धा तास तिच्याकडे पाहत बसलो. काळी, कान लहान आणि उभे, नाक चांगलं लांब, मानेवर राठ केस. नुसतं डोकं फोटोत आलं असतं तर मी शंभर टक्के रानडुक्कर लिहिलं असतं. पण पाठ मधे किंचित खाली बसलेली, पोट जमिनीकडे लोंबतं, मांडी भरलेली. शेपटीला एक पूर्ण वेढा. ती उभी राहून खात होती तेव्हा वेढा होता. काठी आपटल्यावर पळाली तेव्हा शेपटी खाली ओढून घेतली आणि वेढा सुटला. हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून बरं झालं. एका फोटोत शेपटी सरळ दिसली तर पाळीव नाही असं म्हणता येत नाही. वेढा दिसला तर मात्र पाळीव रक्त आहे, एवढं नक्की. पुस्तकात डुकराचं चित्र असतं ते गुलाबी, पडलेल्या कानांचं, बसक्या नाकाचं. तसं विलायती डुक्कर रानडुकरापासून कोणीही वेगळं काढेल. अवघड आहे ते हे गावठी काळं डुक्कर.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांच्या प्रत्येक जनावराच्या डाव्या कानाला कातरीची खूण आहे. दुसऱ्या घराची उजव्या कानाला, दोन कातऱ्या. मागच्या नोंदीतला तो फाटक्या उजव्या कानाचा प्राणी मी लगेच काढून दाखवला. ते हसले नाहीत, फोटो मोठा करून पाहिला. “हे फाटलेलं हाय, कापलेलं नाही. कापल्याची कड साफ रायते.”

त्यांच्या परवानगीने त्यांच्या बारा डुकरांचे बाजूने फोटो काढले, दिवसा आणि ट्रॅप कॅमेऱ्याने रात्रीही. पाळीव म्हणून खात्री असलेले हे फोटो पुढे तुलनेला इतके लागले की दुसरं काही नसलं तरी चालेल, पण एवढं करा असं मी सांगेन.

22 सप्टेंबर

चार दिवस एका कल्पनेत घालवले आणि ती सोडून दिली. रानडुकराचं तोंड लांब आणि सरळ, तर डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि डोळ्यापासून कानाच्या बुडापर्यंतचं अंतर मोजून भागाकार करायचा, म्हणजे आकडाच सांगेल, असं वाटलं. संगणकावर फोटो उघडून पिक्सेल मोजले. नाल्याकडच्या एका मोठ्या नराचा भागाकार 2.3 आला. काकांच्या एका विलायती मिश्र मादीचा 1.5. आनंद झाला. मग त्यांची ती काळी लांब नाकाची मादी मोजली: 2.1. आणि नाल्याकडच्या पट्टे असलेल्या पिल्लांचा 1.6, कारण लहानपणी सगळ्यांचंच तोंड आखूड असतं. शिवाय मान जराशी कॅमेऱ्याकडे वळली तरी आकडा घसरतो. एकाच जनावराचे लागोपाठ तीन फोटो मोजले तर तीन वेगळे आकडे.

नाकाच्या रेषेत कपाळाशी ठळक खोलगट बाक असेल तर पाळीव रक्त मानायचं, एवढंच यातून ठेवलं. सरळ नाकावरून मात्र काहीच ठरत नाही.

29 सप्टेंबर

एक दिवस घड्याळाने खाल्ला. तिसऱ्या कॅमेऱ्यात गावची डुकरं रात्री एक-दोनच्या सुमाराला दिसत होती. काका म्हणत होते, माझी जनावरं अंधार पडला की वाड्यात बंद असतात. मला त्यांच्यावर शंका आली, आणि तसं वाटून घेतल्याचं आता वाईट वाटतं. फोटो नीट पाहिले तर ते रंगीत होते आणि सावल्या पडलेल्या. रात्री एकला रंगीत फोटो येत नाही. सेल बदलताना मी कॅमेऱ्याचं घड्याळ बारा तास मागे लावलं होतं. फाइलमधली वेळ संगणकावर exiftool या प्रोग्रामने अशी सुधारली:

```
exiftool "-AllDates+=0:0:0 12:0:0" CAM3
```

ज्या फोल्डरवर चालवाल त्यात आधीच्या प्रती `_original` नावाने राहतात. फोटोच्या खालच्या पट्टीत छापलेली वेळ मात्र यामुळे बदलत नाही, ती चुकीचीच दिसते. पंचनाम्याला फोटो द्यायचा असेल तर हे सांगावं लागतं. आता दर वेळी कार्ड बदललं की मोबाइलवरची वेळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो घेतो.

दुरुस्त वेळा पाहिल्यावर चित्र सरळ झालं. पांदणीकडची डुकरं सकाळी सात ते दुपारी दोनमध्ये, नाल्याकडची रात्री नऊ ते पहाटे चारमध्ये. तरीही वेळेवरून ओळख पटवायची नाही असं ठरवलं. सुटून आठवडाभर रानात राहिलेलं पाळीव जनावरही रात्रीच फिरायला लागतं.

6 ऑक्टोबर

सोयाबीन कापणी सुरू, तरी रात्री बसलो. मी आणि भाऊ, दोघांनी वेगवेगळं बसून तेच 120 प्रसंग वाटले. (एका हालचालीचे तीन फोटो म्हणजे एक प्रसंग.) मग वह्या जुळवल्या. 34 ठिकाणी मतं वेगळी निघाली. इतकी असतील असं वाटलं नव्हतं.

ती 34 एकेक करून पाहिली. बहुतेक दोन प्रकारची होती. एक, जनावर समोरून किंवा मागून दिसत होतं, बाजू नव्हती. दुसरं, सहा-सात महिन्यांची ते वर्षभराची जनावरं. या वयात पिल्लपणाचे पट्टे गेलेले असतात, खांदा भरलेला नसतो, आयाळ आलेली नसते, नर असला तरी सुळे बाहेर दिसत नाहीत. रानाचं असो की गावचं, लांब पायांचं एक बारकं काळपट डुक्कर दिसतं. भाऊ अशा सगळ्यांना गावचं म्हणत होता, मी सगळ्यांना रानाचं. दोघांकडेही कारण नव्हतं.

त्यावर ठरवलेले नियम असे. बाजूने पूर्ण जनावर दिसत नसेल तर निर्णय नाही. एका खुणेवर निर्णय नाही. अंगाची ठेवण, शेपटी आणि अंगावरचे खरे डाग यांतल्या निदान दोन गोष्टी एकाच दिशेला गेल्या पाहिजेत. एकटं तरुण जनावर असेल तर ‘सांगता येत नाही’ या खान्यात. कळपासोबत असेल तर कळपातल्या मोठ्या मादीवरून पाहायचं आणि तसं वहीत लिहायचं. आणि फोटोवरून ‘मिश्र’ असं कधीही लिहायचं नाही, ‘मिश्र असावं’ इतकंच. मिश्र मादीला आणि पुढे तिच्या पिल्लांनाही रानातलाच नर लागला की दोन पिढ्यांनी जनावर दिसायला रानडुकरासारखंच होतं, त्याचं पाळीव रक्त फोटोत दिसत नाही.

नियम लावून 120 परत वाटले. मतभेद 7 वर आले. ‘सांगता येत नाही’ मध्ये 38 गेले. भावाला ते खटकलं, इतकी मेहनत करून एक तृतीयांश टाकून द्यायचे का, म्हणून. पण आधी आपण त्या 38 वर अंदाजच तर बांधत होतो.

19 ऑक्टोबर

कोजागिरीनंतरच्या स्वच्छ चांदण्यात धुऱ्यावरच्या कॅमेऱ्यात जे आलं त्याने आम्हाला कामाला लावलं. एक मादी, मागे पाच पिल्लं. वेळ पहाटे 5.50, म्हणून पहिले तीन प्रसंग काळे-पांढरे आणि शेवटचे दोन रंगीत. एकूण पंधरा फोटो.

मादीचं अंग पाहिलं तर पुढून भरलेलं, मागे उतरत गेलेलं, पोट वर. नाक लांब. सहाव्या फोटोत आयाळ उभी. इथवर रानडुक्कर. बांबूच्या फोटोशी ताडलं तर खांद्याची उंची 60 ते 65 सेंटिमीटर, त्यातून काही निघत नाही. शेपटी नवव्या फोटोत सरळ, दहाव्यात सरळ, बाराव्यात पिल्लं दूध प्यायला आली आणि ती स्थिर उभी राहिली तेव्हा टोकाला स्पष्ट वेढा, पूर्ण नाही, अर्ध्याहून जास्त.

आणि पुढचा डावा पाय खुरापासून वर बोटभर पांढरा.

चिखल असेल, म्हणून आधी सोडून दिलं होतं. मग रंगीत फोटो मोठा केला. चिखलाची कड वेडीवाकडी असते, तो बाहेरच्या बाजूला जास्त आणि आतल्या बाजूला कमी लागतो. इथे पांढरा रंग पायाभोवती सगळीकडून सारखा, वरची कड केसांच्या टोकांनी दातेरी झालेली. आणि त्या एकाच पायाचं खूर फिकं, शिंगाच्या रंगाचं. बाकी तीन खुरं काळी. चिखलाने खुराचा रंग बदलत नाही. जुन्या कार्डांत शोधलं तर 23 सप्टेंबरच्या रात्री हीच मादी होती, पांढरा पाय तिथेही, त्याच उंचीपर्यंत. तेव्हा आम्ही तिला बिनदिक्कत ‘रान’ खान्यात टाकलं होतं.

मग पिल्लं. पाचपैकी तिघांच्या अंगावर फिकट आणि तपकिरी उभ्या-आडव्या नाही, तर मानेपासून शेपटीकडे जाणाऱ्या सरळ रेघा, रानडुकराच्या पिल्लांना असतात तशाच. दोन पिल्लं सपाट काळी. आकार पाचांचा सारखा, पाचही तिच्याच आचळांना. दुसऱ्या मादीची पिल्लं मिसळली असतील तर वयात फरक दिसला असता.

हे असं का, याचा विचार केला. पाळीव काळ्या डुकराचा काळा रंग पट्ट्यांवर वरचढ असतो. तो आईकडून किंवा बापाकडून, एकाकडून जरी आला तरी पिल्लू काळं होतं, पट्टे झाकले जातात. पूर्ण रानाच्या जोडप्याची सगळी पिल्लं पट्ट्यांची हवीत. पाळीव काळ्या मादीला रानातला नर लागला तर साधारणपणे सगळी काळी. एकाच वेतात काही पट्ट्यांची आणि काही काळी येतात तेव्हा आई-बापांपैकी एक जण स्वतःच मिश्र असण्याची शक्यता मोठी. म्हणजे तिचे पांढरा पाय आणि शेपटीचा वेढा जे सांगत होते तेच पिल्लंही सांगत होती. तिला ‘मिश्र असावं’ या खान्यात हलवलं. या खान्यात खात्रीने टाकावं असं हंगामातलं हे एकच जनावर.

27 ऑक्टोबर

तिचे फोटो घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी बाराव्या फोटोवर बराच वेळ घालवला. दोन वर्षांपूर्वी त्यांची एक मादी, पुढचे दोन्ही पाय पांढरे, पावसाळ्यात नाल्याकडे गेली ती दोन महिने आलीच नाही. आली तेव्हा पोट उतरलेलं, पिल्लं सोबत नाहीत. कुत्र्यांनी खाल्ली असतील असं त्यांनी धरून घेतलं होतं. “एखादी वाचली असन तं हेच वय येते,” असं म्हणून त्यांनी फोन परत दिला.

हे तिचंच पिल्लू असं मी लिहिणार नाही. कानाला कातरी नाही, असणारही नाही, कारण ती रानात जन्मली असेल. पण मालकाने कातरी मारलेली नाही म्हणजे पाळीव रक्त नाही, हा आमचा आणखी एक समज यात गेला.

काकांनी विचारलं, आता हिने खाल्लेल्या पिकाचं कोणाच्या नावावर? मला उत्तर देता आलं नाही. मी एवढंच सांगितलं की रानात जन्मलेलं, रानात वाढलेलं आणि कोणाच्या वाड्यात न येणारं जनावर तुमच्या माथी मारता येणार नाही, आणि हे मी शेजाऱ्यांसमोरही बोलेन.

17 नोव्हेंबर

दिवाळीनंतर हिशोब केला. नियमांत बसणारे एकूण 163 प्रसंग. नाल्याकडच्या आणि धुऱ्यावरच्या कॅमेऱ्यांत ठरवता आलेले जवळजवळ सगळे रानडुकराचे. पांदणीकडे दिवसा गावची डुकरं, पण ती पांदणीतच उकरताना दिसतात. सोयाबीनच्या तासात शिरलेली फक्त चार वेळा. नुकसान झालेल्या अकरा रात्रींपैकी आठ रात्री त्या त्या बाजूच्या कॅमेऱ्यात रानडुकरांचा कळप आहे. उरलेल्या तीन रात्री कॅमेऱ्यात काहीच नाही. जनावर दुसऱ्या वाटेने आलं असणार, त्या रात्रींबद्दल आम्ही कोणाचंही नाव घेत नाही.

सप्टेंबरअखेरच्या एका नुकसानीची तक्रार मुदतीत दिली होती. पंचनाम्याच्या वेळी तीन फोटो दिले: बाजूने पूर्ण नर, ज्यात सुळे आणि सरळ शेपटी दिसते; त्याच रात्रीचा कळप पट्ट्यांच्या पिल्लांसह; आणि त्याच जागेवरचा बांबूचा फोटो. आलेल्यांनी जमिनीवरची खुरं आणि उकीर पाहून आपलं मत केलं, ते आमच्या फोटोंशी जुळलं. डोक्याचा जवळून काढलेला एक फोटो मी मुद्दाम दिला नाही. तो सगळ्यात सुरेख आला होता, पण काकांच्या मादीचं डोकं पाहिल्यापासून नुसत्या डोक्याच्या फोटोवर मी विसंबत नाही.

खर्च सगळा मिळून 24,000 च्या आसपास, त्यात दोन कॅमेऱ्यांचे 17,000.

5 जानेवारी

तुरीच्या शेंगा भरल्या म्हणून धुऱ्यावरचा कॅमेरा परत लावला होता. काल रात्री पांढऱ्या पायाची मादी आली. सोबत आता तीनच पिल्लं, चार महिन्यांची असतील. रात्रीच्या फोटोत तिघं एकसारखी काळपट दिसतात. दोन फोटो मोठे करून पाहिले तर एकाच्या मांडीवर पुसट रेघ असल्यासारखी वाटते. भावाला ती दिसत नाही. ऑक्टोबरच्या फोटोंतली पट्ट्यांची कोणती आणि काळी कोणती, हे आता सांगता येत नाही. आई फोटोच्या कडेला आहे म्हणून तिघांपुढे ‘मिश्र असावी अशा मादीची पिल्लं’ असं लिहिलं. पुढच्या महिन्यात यांतलं एखादं एकटं आलं तर ते ‘सांगता येत नाही’ मध्ये जाईल.